बैठकीच्या निमंत्रणातच विषय अन् तयारी लिहितो, तरी मंडळी मोकळ्या हातानं येतात. काय चुकतंय?

तेरणाकाठ · २९ सप्टेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत समन्वयक आहे. दहा गावं, दहा संचालक. दर महिन्याला संचालकांची बैठक लावायचं काम माझ्याकडं. वर्षभरापासून गूगल कॅलेंडरवरून निमंत्रण पाठवतो, त्यातच विषय लिहितो आणि अहवाल जोडतो. तरी १६ सप्टेंबरच्या बैठकीला सात जण आले, त्यातल्या चौघांना गोदामाचा विषय आहे हेच माहीत नव्हतं.

विषय साधा होता. सभासदांचं सोयाबीन ठेवायला २००० क्विंटलचं गोदाम भाड्यानं घ्यायचं का? त्यासाठी कुठल्या गावातून किती माल येणार हे कळायला पाहिजे. कुणाकडंच आकडा नव्हता. दीड तास पाऊस, पीकविमा आणि उजनीची बासुंदी पहिल्यासारखी राहिली का, यावर गेला. विषय पुढं ढकलला. पुढची बैठक १४ ऑक्टोबरला आहे आणि गोदामाच्या मालकाला १५ ला उत्तर द्यायचंय.

निमंत्रणात लिहूनही लोक वाचत नसतील, तर लिहायचं कसं?

---

जिंतूर नाका · २९ सप्टेंबर, रात्री ९.३२

भाऊ, तुम्ही कमी लिहिता म्हणून लोक वाचत नाहीत. आख्खा अहवालच निमंत्रणात चिकटवा. जोडलेली फाईल कोण उघडतंय? आणि नंतर काही बदललं तर तिथंच दुरुस्त करा, सगळ्यांना आपोआप दिसतं. पुन्हा पुन्हा मेल पाठवून डोकं खाऊ नका.

---

उदगीरचा पोऱ्या · २९ सप्टेंबर, रात्री ९.४०

आमच्याकडं बैठक हाय म्हणलं की पयला सवाल, चहासंगं काय हाय? तेवढं शीर्षकात टाका, समदे येतेत बगा 😀

---

बीडचे गुरुजी · २९ सप्टेंबर, रात्री १०.०५

आमची व्यथा उलटी आहे. तुम्ही तयारी मागता आणि लोक करत नाहीत. आमच्याकडं सकाळी साडेनऊला ग्रुपवर संदेश येतो, "आज दुपारी १ वाजता बैठक, सोबतच्या नमुन्यात माहिती घेऊन येणे, हयगय झाल्यास जबाबदारी आपली." नमुना असतो सोळा रकान्यांचा. वर्ग सोडून रजिस्टरं चाळायची. बैठकीत तो कागद कुणी बघतही नाही, गठ्ठ्यात जातो. दोनदा असं झाल्यावर आता मी मागच्या महिन्याचाच कागद तारीख बदलून नेतो. खरं सांगितलं, रागावू नका.

---

वाळूज बी शिफ्ट · २९ सप्टेंबर, रात्री ११.५०

शिफ्ट संपवून आलो. तेरणाकाठ, तुमचं १६ तारखेचं निमंत्रण जसंच्या तसं इथं टाका. शीर्षकासकट. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

गुरुजींनी मात्र नकळत मोलाचं सांगितलं. मागवलेली तयारी बैठकीत वापरली गेली नाही, की माणूस पुढच्या वेळी खोटी तयारी आणतो.

---

तेरणाकाठ · ३० सप्टेंबर, सकाळी ८.१५

घ्या. लाज वाटतीय, पण टाकतो.

> शीर्षक: मासिक बैठक – सप्टेंबर
>
> सन्माननीय संचालक महोदय, सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यात येते की, आपल्या कंपनीच्या संचालक मंडळाची मासिक बैठक कंपनीच्या कार्यालयात आयोजित केली असून बैठकीपुढील विषय खालीलप्रमाणे आहेत.
> १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
> २. जमाखर्चास मंजुरी देणे.
> ३. गोदामाबाबत विचारविनिमय करणे.
> ४. बारदान्याबाबत विचार करणे.
> ५. सभासद नोंदणीचा आढावा घेणे.
> ६. मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
> तरी सर्वांनी पूर्वतयारीनिशी उपस्थित राहावे, ही विनंती. सोबत अहवाल जोडला आहे.

---

वाळूज बी शिफ्ट · ३० सप्टेंबर, दुपारी १.२०

"पूर्वतयारीनिशी" म्हणजे नेमकं काय करून यायचं? अंघोळ करून? संचालक हा शब्द वाचतो आणि पुढं जातो, कारण त्यात त्याला करायला काही सांगितलेलंच नाही.

आता हे निमंत्रण त्याच्या फोनवर कसं पोहोचतं ते बघा. आठवणीची सूचना वाजते तेव्हा पडद्यावर फक्त शीर्षक आणि वेळ दिसते. तुमचं शीर्षक आहे "मासिक बैठक – सप्टेंबर". त्यातून त्याला कळलं काय, तर महिना कुठला आहे. तो कॅलेंडर उघडून आत गेलाच, तर वर्णनाच्या पहिल्या ओळी दिसतात, आणि तिथं तुम्ही सप्रेम नमस्कार घातलाय. गोदाम चार-पाच वेळा बोट सरकवल्यावर येतं, तेही "विचारविनिमय करणे" असं. विचारविनिमय तर माणूस बसल्या जागी करू शकतो, त्याला घरून काही आणावं लागत नाही. म्हणजे मंडळींनी तुमचं म्हणणं तंतोतंत पाळलं. आले आणि विचारविनिमय करून गेले.

विषय प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि असा प्रश्न की ज्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा एखादा आकडा असेल. "गोदाम चार महिन्यांसाठी घ्यायचं का?" हे वाचलं की पुढचं आपोआप सुचतं, माझ्या गावातून किती माल येईल बुवा? मग तयारीत तेवढंच मागा. एका माणसाकडून एकच गोष्ट. दोन मागितल्या की सोपी असते ती आणतात, आणि तुम्हाला हवी असते ती राहते.

जिंतूर नाका, अहवाल चिकटवायचं म्हणता ते अर्धं बरोबर आहे. फाईल लोक उघडत नाहीत हे खरं. पण सात पानं वर्णनात ओतली तर वर्णनही उघडणार नाहीत. त्यातलं निर्णयाला लागतं तेवढं दोन ओळींत वर आणा, बाकीचं फाईलमध्ये राहू द्या.

तेरणाकाठ, एक विचारतो. ती फाईल दुसऱ्या कुणाच्या फोनवरून उघडून बघितली होती का?

---

तेरणाकाठ · ३० सप्टेंबर, दुपारी २.०५

नाही. आत्ता बायकोच्या फोनवर बघितली. "परवानगी मागा" असं येतंय. 🤦 मी अहवालाची लिंक ड्राइव्हवरून कॉपी करून वर्णनात टाकली होती, फाईल मात्र फक्त माझ्यासाठीच खुली होती. दोन संचालकांनी परवानगी मागितल्याचे मेलही पडलेत, १४ आणि १५ सप्टेंबरचे. मी बघितलेच नाहीत.

---

वाळूज बी शिफ्ट · ३० सप्टेंबर, दुपारी २.३०

म्हणजे दोघं वाचायला आले होते आणि दार बंद होतं. त्यांनाही आपण "वाचत नाहीत" म्हणत होतो.

पेपरक्लिपच्या खुणेनं फाईल जोडली, तर पाहुण्यांना ती उघडणार नसेल तेव्हा कॅलेंडर जतन करताना विचारतं. नुसती लिंक चिकटवल्यावर त्याच्यावर विसंबू नका. फाईलमध्ये गुप्त काही नसेल तर `Anyone with the link` ठेवा. जमाखर्च असेल तर तसं करू नका, दहा पत्ते नावानिशी घाला.

---

जालन्याच्या काकू · ३० सप्टेंबर, सायं. ६.४५

मी एका पतसंस्थेत २६ वर्षं सचिव होते. निवृत्त झाले तरी "विषयपत्रिका" शब्द दिसला की हात शिवशिवतात.

वाळूजचे भाऊ, "इतिवृत्त वाचून कायम करणे" या भाषेला हसू नका. ती भाषा कार्यवृत्तासाठी असते, वीस वर्षांनी कुणी कागद काढला तर सभेपुढं काय होतं ते कळावं म्हणून. चूक एवढीच की कार्यवृत्ताची भाषा निमंत्रणात आली.

आणि तेरणाकाठ, तुमची उत्पादक कंपनी म्हणजे कंपनी कायदा लागू. प्रत्येक संचालकाला बैठकीच्या किमान सात दिवस आधी लेखी नोटीस गेली पाहिजे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावानं. त्याहून कमी मुदतीत बोलावली तर कारण लिहून ठेवावं लागतं. ती नोटीस त्या जुन्याच भाषेत वेगळी जाऊ द्या. कॅलेंडरचं निमंत्रण आपलं कामापुरतं, घरच्या भाषेत. दोन्ही एकात करायला गेलात तर दोन्ही बिघडतील.

आता "ऐनवेळचे विषय". माझा अनुभव असा की ज्याला एखादा विषय तयारीशिवाय मंजूर करून घ्यायचा असतो, तो या दारातून येतो. पंखा घ्यायचा तर विषय क्रमांक चार, आणि जीप घ्यायची तर ऐनवेळी.

---

उदगीरचा पोऱ्या · ३० सप्टेंबर, सायं. ७.०२

काकू 🙏 जीपवाली गोष्ट आमच्या गावची तर न्हाई ना?

---

नांदेडची लेक · ३० सप्टेंबर, रात्री १०.१५

मी घरूनच आयटीचं काम करते, आमच्याकडं आउटलूक आहे. तिथं वेगळाच घोळ होतो, कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते.

निमंत्रणात तयारी लिहिलेली असते, म्हणून मी त्याच मजकुराखाली माझ्या टिपा लिहायचे. विचारायचे तीन प्रश्न, दोन आकडे. बैठकीच्या आदल्या रात्री आयोजकानं वेळ अर्ध्या तासानं पुढं नेली आणि अपडेट पाठवला. सकाळी उघडते तर माझ्या टिपा गायब! आयोजकाचा नवा मजकूर आला की तुमच्या प्रतीतला मजकूर पुसला जातो. तेव्हापासून टिपा वहीत.

आणि टीम्सची लिंक त्याच मजकुरात तळाशी असते. आमच्या एका साहेबांनी विषय नीट लिहायचे म्हणून सगळा मजकूर पुसून नवा लिहिला, लिंकही गेली. पंधरा माणसं दहा मिनिटं एकमेकांना "कुठं जॉइन व्हायचं" विचारत होती.

---

जिंतूर नाका · १ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. शेतकरी माणूस व्हॉट्सॲप बघतो. कॅलेंडर सोडा, ग्रुपवर टाका, काम खतम.

---

वाळूज बी शिफ्ट · १ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

ग्रुपवर टाकाच. पण ग्रुपवरचा संदेश दुपारपर्यंत "शुभ सकाळ"च्या फुलांखाली गाडला जातो आणि बैठकीच्या एक तास आधी स्वतःहून वाजत नाही. कॅलेंडर वाजतं. म्हणून मजकूर एकच ठेवायचा आणि दोन्हीकडं टाकायचा.

ज्यांचा ईमेल नाही किंवा ते बघत नाहीत, त्यांच्यासाठी एक सोय आहे. अशी लिंक बनवून ग्रुपवर टाकली की दाबणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये बैठक तयारीच्या मजकुरासकट भरलेली उघडते, त्यानं फक्त जतन करायचं:

```
https://calendar.google.com/calendar/render?action=TEMPLATE
&text=गोदाम+घ्यायचं+का?
&dates=20251014T150000/20251014T163000
&ctz=Asia/Kolkata
&details=गावाचा+आकडा+आणा
```

वाचायला सोपं जावं म्हणून ओळी तोडल्यात, पाठवताना सलग एका ओळीत. मजकुरात नवी ओळ हवी तिथं `%0A`. पण लक्षात ठेवा, या वाटेनं आलेली नोंद त्या माणसाची स्वतःची असते. तुम्ही नंतर वेळ बदलली तर त्याच्याकडं जुनीच राहते.

तेरणाकाठ, १४ ऑक्टोबरचा कच्चा मजकूर लिहून टाका. सगळे मिळून बघू.

---

तेरणाकाठ · ४ ऑक्टोबर, रात्री ९.२५

दोन-तीनदा खाडाखोड करून हे झालंय. काकूंनी सांगितल्याप्रमाणं नोटीस वेगळी जातीय.

> शीर्षक: गोदाम घ्यायचं का? गावाचा आकडा आणा
>
> ठरवायचं: औसा रोडचं गोदाम (२००० क्विंटल) चार महिन्यांसाठी घ्यायचं की नाही. मालकाला १५ तारखेला सांगायचंय.
> आणायचं: तुमच्या गावातले सभासद मिळून किती क्विंटल सोयाबीन ठेवणार, तो एक आकडा. वाळलेला मालच धरा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. सोमवारी संध्याकाळी ७ पर्यंत मला फोनवर सांगा.
> वाचायचं (३ मिनिटं): भाडं महिन्याला १८,०००, चार महिन्यांचे ७२,०००. गोदाम पूर्ण भरलं तर क्विंटलला ३६ रुपये पडतात. ८०० क्विंटलच आला तर ९० रुपये. हिशेबाचं एक पान जोडलंय.
>
> ३.०० गोदाम, ४५ मिनिटं. हिशेब अध्यक्ष मांडतील.
> ३.४५ बारदाना कुणाकडून? १५ मिनिटं.
> ४.०० जमाखर्च, १५ मिनिटं. शंका असेल तर आधी मला फोन.
> ४.१५ ऐनवेळचे विषय. पैसे लागतील असा विषय यात घेणार नाही.
> ४.३० चहा.

---

जालन्याच्या काकू · ४ ऑक्टोबर, रात्री १०.००

"पैसे लागतील असा विषय यात घेणार नाही" हे अध्यक्षांना दाखवून मगच पाठवा. परवानगी त्यांची असते, तुमची नव्हे. बाकी झकास.

---

वाळूज बी शिफ्ट · ४ ऑक्टोबर, रात्री ११.५५

३६ आणि ९० हे दोन आकडे वर आणले हे बेस्ट केलंत. आपला आकडा का मागितलाय ते त्यातूनच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

दोन सूचना. ही बैठक दर महिन्याची म्हणून एकदाच लावून ठेवलेली असेल, तर मजकूर बदलून जतन करताना `This event` निवडा. `All events` दाबलंत तर पुढच्या वर्षीच्या जूनमध्येसुद्धा "गोदाम घ्यायचं का" दिसत राहील. जुने विषय तसेच पडलेले दिसले की लोक नवेही वाचायचं सोडतात.

दुसरं, आकड्याला तारीख जोडा. आमच्याकडं कारखान्यात नापास मालाच्या आढाव्याला एक जण महिनाअखेरचे आकडे आणायचा, दुसरा कालपर्यंतचे. निम्मी बैठक दोघांचे आकडे जुळवण्यात जायची. निमंत्रणात "२५ तारखेपर्यंतचे" हे दोन शब्द घातले आणि भांडण मिटलं. तुमच्याकडं "काढून घरात आलेलं" की "अजून शेतात उभं असलेलंही"? ते लिहा.

---

नांदेडची लेक · ५ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

आकडे फोनवरच का मागवताय? ग्रुपवर मागवा ना, सगळ्यांचे दिसले की मागं राहिलेल्यांनाही जाग येते.

---

तेरणाकाठ · ५ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

तेच तर नकोय ताई. आमच्याकडं एकानं ३०० सांगितलं की शेजारच्या गावचा ३५० सांगतो. माल असो नसो.

---

नांदेडची लेक · ५ ऑक्टोबर, सकाळी ९.५५

आणि फोनवर फक्त तुम्हालाच कळलं, तर उद्या कुणी म्हणेल की समन्वयकानं आकडे फिरवले. मला तर उघडच बरं वाटतं.

---

तेरणाकाठ · १५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

काल बैठक झाली. काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

निमंत्रण ६ तारखेला गेलं. दहापैकी नऊ संचालक आले. सोमवारी सातपर्यंत सहा जणांचे आकडे आले होते, दोघांना मी फोन लावला, एकानं बैठकीत खिशातून चिठ्ठी काढली. जे आले नव्हते त्यांनी आकडा पुतण्याकडून पाठवला. म्हणजे दहाच्या दहा. आमच्या कंपनीत असं पहिल्यांदाच झालं. बेरीज १३४० क्विंटल. ३ वाजून ५ मिनिटांनी आम्ही थेट गोदामावर बोलत होतो.

आता फसलं ते. १२ तारखेला मालकाचा फोन आला, भाडं १८ नाही, २० हजार. मी वर्णनात आकडा बदलला, आणि जिंतूर नाक्यांचं ऐकून `Don't send` दाबलं. म्हटलं आपोआप दिसेल. दिसलंही असेल, पण ज्यांनी ६ तारखेला वाचलं ते परत कशाला वाचतील? तिघं जण ७२ हजाराचा हिशेब कागदावर करून आले होते. १३४० ला क्विंटलमागं ५४ रुपये येतात म्हणाले. नव्या भाड्यानं ८० हजार, म्हणजे ६० रुपये. एका काकांना वाटलं की मी मधले पैसे खातोय. तोंडावर म्हणाले. पंधरा मिनिटं त्यातच गेली. लिंकवरून नोंद केलेल्या दोघांकडं तर शेवटपर्यंत १८ हजारच होतं.

दुसरं जास्त जिव्हारी लागलं. "वाळलेला माल, ओलावा १२ टक्क्यांच्या आत" असं मी लिहिलं होतं. एका गावाचे ४०० क्विंटल. अध्यक्षांनी सहज विचारलं, मोजलं का? तर म्हणे, दाताखाली कटकन तुटतंय, वाळलंयच. त्यांनी पिशवीतून नमुना आणला होता. कार्यालयातल्या मीटरवर टाकला, १५ च्या वर. सप्टेंबरच्या पावसात सापडलेला माल. तसाच थप्पीला लावला तर आतून तापतो आणि बुरशी धरतो, बाजूच्या पोत्यांनाही लागते. मग बाकीच्यांना विचारलं. मीटरवर मोजलेला आकडा फक्त तिघांचा निघाला.

---

जिंतूर नाका · १५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

माफ करा भाऊ. पण मी म्हणालो होतो ते खोटं नव्हतं, बदल दिसतोच. तुम्ही ग्रुपवर एक ओळ टाकायला पाहिजे होती.

---

वाळूज बी शिफ्ट · १५ ऑक्टोबर, रात्री ११.४५

दिसतो, पण बघायला गेलेल्यालाच. बदल हिशेबाला लागणारा असेल तर तो मजकुराच्या आत बदलून भागत नाही. सगळ्यांत वर नवी ओळ टाकायची, "बदल, १२ ऑक्टोबर: भाडं १८ नाही, २० हजार", जुना आकडा तसाच दिसू द्यायचा आणि `Send` दाबायचं. जुना आकडा पुसला की आधी वाचलेल्याला वाटतं आपलीच नजर चुकली, नाहीतर तुमची नियत. शुद्धलेखन दुरुस्त केलं असेल तेव्हा `Don't send`. आणि लिंकवाल्या दोघांना फोन, दुसरा इलाज नाही.

ओलाव्याचं मात्र माझ्याही लक्षात आलं नाही, मी तारखेतच अडकलो. आकडा मागताना तो कशावर मोजायचा हेही त्याच ओळीत पाहिजे होतं. "कार्यालयात मीटर आहे, शनिवारी १० ते १ मूठभर नमुना घेऊन या" एवढं असतं तर १३४० चं काय होणार ते बैठकीच्या आधीच कळलं असतं.

शेवटी ठरलं काय?

---

तेरणाकाठ · १६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

अर्धं गोदाम मिळतं का ते विचारायचं ठरलं. मालक म्हणतो दोन दिवसांनी सांगतो. तोवर दहाही गावांचे नमुने मीटरवर. बाजारात भाव २०२५-२६ च्या हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ५३२८ च्या, बराच खाली आहे, त्यामुळं ठेवायची घाई सगळ्यांना आहे आणि वाळवायला ऊन पुरत नाही.

ऐनवेळच्या विषयात अध्यक्षांनी स्वतःच वजनकाट्याच्या दुरुस्तीचा खर्च काढला. मी निमंत्रणातली ओळ दाखवली. ते म्हणाले, "ते इतरांसाठी आहे."

---

जालन्याच्या काकू · १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

😄 दाखवून घ्या म्हटलं होतं ना?

---

तेरणाकाठ · १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

दाखवली होती काकू. वाचून "छान" म्हणाले होते.

---

उदगीरचा पोऱ्या · १६ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

भाऊ, पुतण्याकडून आकडा धाडलेले संचालक, त्येंच्याकडं बटनाचा फोन हाय का? आमच्या चुलत्याकडं तसलाच हाय. कॅलेंडर न्हाई, व्हॉट्सॲप न्हाई. त्येंला तयारी कशी कळवलालाव तुमी?

---

तेरणाकाठ · १६ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

हाव, बटनाचाच. शीर्षकाची ती एक ओळ एसेमेस केली होती, "गोदाम घ्यायचं का? गावाचा आकडा आणा." पुतण्यानं वाचून दाखवली. कसला आकडा, म्हणून त्यांनी मला उलटा फोन केला. मीटरवर मोजलेल्या तिघांत ते आहेत.